पाऊस न्हाई रे, बुंदी!

मालकांनी दिलेल्या कागदावर चौदा मिठायांची नावं होती. त्याखाली दोन मोबाईल नंबर, दुकान कधीपासून आहे ते, एसी असल्याचा उल्लेख, घरपोच सेवा, 'आमची कुठेही शाखा नाही' आणि सर्वांत शेवटी 'समस्त सोलापूरकरांना दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा'. नवी पेठेतलं जुनं मिठाईचं दुकान, गल्ल्यावर तिसरी पिढी. मालक म्हणाले, "एवढं सगळं आलं पाहिजे बघा. तीस सेकंद म्हणजे भरपूर असतंय."

मी घड्याळ लावून तो कागद तिथंच मोठ्यानं वाचला. न धावता, न रेंगाळता वाचायला एक मिनिट बारा सेकंद लागले, आणि त्यात अजून संगीताचा एक सूरही नव्हता. मालक थोडा वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "मग काय काय काढायचं ते तुम्हीच सांगा."

काय काढायचं ते सांगायच्या आधी मी त्यांना शेवट कुठं आहे ते दाखवलं. रेडिओची जाहिरात मी नेहमी उलटी लिहायला घेतो, तिसाव्या सेकंदापासून मागं. ऐकणाऱ्याच्या कानात जी गोष्ट उरायला हवी तिची जागा आधी राखायची आणि उरलेल्या वेळात बाकीचं बसवायचं. सुरुवातीपासून लिहीत गेलं की हटकून एकच होतं. पहिल्या वीस सेकंदांत ऐसपैस गप्पा होतात आणि दुकानाचं नाव-पत्ता शेवटच्या तीन सेकंदांत कोंबला जातो. निवेदक तो श्वास न घेता म्हणतो, ऐकणाऱ्याला कुठल्यातरी मिठाईची जाहिरात होती एवढं आठवतं, आणि तो आपल्या नेहमीच्या दुकानात जातो.

म्हणून कागदावर पहिल्यांदा आकडे मांडले. शेवटचा अर्धा सेकंद रिकामा ठेवायचा, कारण रेडिओवर पुढची जाहिरात किंवा गाणं सुरू होताना आधीच्या आवाजाचं शेपूट बऱ्याचदा त्याखाली दबतं. त्याआधीचा दीड सेकंद दुकानाच्या नावाला आणि 'नवी पेठ' या दोन शब्दांना. त्याच्या मागं आठ सेकंद जिंगल. म्हणजे विसाव्या सेकंदापासून पुढचं सगळं ठरलेलं. निवेदकाला आठ सेकंद दिले की सुरुवातीच्या प्रसंगाला बारा उरतात. या बारा अधिक आठ सेकंदांत आपल्याला बोलायचंय, हे मालकांना कागदावर दिसलं आणि पुढची काटछाट सोपी झाली.

पहिल्यांदा मोबाईल नंबर गेले. दहा आकडे स्पष्ट म्हणायला चार सेकंद लागतात. एकदा म्हणून ते कुणी लिहून घेत नाही, दोनदा म्हणावे लागतात. दोन नंबर म्हणजे सोळा सेकंद, निम्म्याहून जास्त जाहिरात. शिवाय दिवाळीत लाडू घ्यायला माणूस फोन करत नाही, पेठेत येतो. एसी गेला, घरपोच सेवा गेली, शुभेच्छाही गेल्या. शुभेच्छांचं मालकांना वाईट वाटलं. त्या सगळेच देतात, पण तुमचा लाडू फक्त तुम्हीच देता, असं मी म्हणालो तेव्हा त्यांनी स्वतःच त्या ओळीवर रेघ मारली.

चौदा मिठायांतून एक निवडायची होती. काजूकतली सगळीकडं मिळते, पेढा बारा महिने खपतो. मी विचारलं, दिवाळीत गिऱ्हाईक तुमच्याकडं मुद्दाम काय घ्यायला येतं? मालकांच्या आधी गल्ल्याजवळचा मुलगाच बोलला, "बुंदीचे लाडू." मग तेच.

या धंद्याचा इतिहास फार जुना नाही. विविध भारती ३ ऑक्टोबर १९५७ ला सुरू झाली, पण आकाशवाणीवर जाहिराती वाजायला १ नोव्हेंबर १९६७ उजाडला, आणि त्या सेवेची सुरुवात आपल्या मुंबई-पुणे-नागपूर केंद्रांवरून झाली. त्याआधी ज्याला रेडिओवर माल विकायचा असे तो रेडिओ सिलोनकडं जाई. अमीन सयानींची 'बिनाका गीतमाला' १९५२ पासून तिथूनच यायची, टूथपेस्टच्या नावानं. तिथं जाहिरात देणं पेठेतल्या दुकानदाराच्या आवाक्यात नव्हतं. शहराचं स्वतःचं एफएम आलं तेव्हा कुठं नवी पेठेतल्या मिठाईवाल्याला फक्त सोलापूरकरांशी बोलता येऊ लागलं. वेळ विकली जाते दहा-दहा सेकंदांच्या मापानं. त्यामुळं तीस म्हणजे तीन मापं, आणि एकतीस झाले की चौथ्या मापाचे पैसे तरी द्या, नाहीतर फाईल परत घ्या.

मिठाईची मोठी अडचण म्हणजे रेडिओवर तिला रंग नाही, वास नाही. तिला आवाज शोधावा लागतो. पेढ्याला, बर्फीला आवाजच नसतो. बुंदीला असतो, आणि तोही दोन प्रकारचा. पातळ बेसन झाऱ्यावर ओतलं की थेंब-थेंब तुपात पडतात आणि तडतडतात, हा पहिला. कारागीर झारा कढईच्या काठावर आपटतो तो ठोका दुसरा.

हे आवाज टिपायला एका सकाळी सहाला दुकानामागच्या कारखान्यात गेलो. पहिली दोन रेकॉर्डिंगं वाया गेली. व्यापारी भट्टीचा बर्नर एवढा घोंघावतो की तडतड त्याखाली गाडली जाते, वरून एक्झॉस्ट पंखा. कारागिराला विचारलं, घाणा टाकताना दहा सेकंद गॅस बंद केला तर चालेल का? तो म्हणाला, तूप एवढ्यात काय गार होत नाही, करा बंद. पंखा थांबवला, गॅस बंद केला, रेकॉर्डर कढईपासून दोन हात लांब, तुपाचे शिंतोडे येणार नाहीत अशा बाजूला धरला. तेव्हा तो आवाज मिळाला.

त्यातलेही सुरुवातीचे तीनच सेकंद कामाचे असतात. तडतड होते ती पिठातल्या पाण्याची. तापलेल्या तुपात ते पाणी क्षणात वाफ होऊन उसळतं आणि आवाज होतो. पाणी संपत आलं की आवाज उतरतो, कारागीर त्यावरूनच बुंदी काढायची वेळ ओळखतो. त्याच्या कामाचा तो उतरता आवाज जाहिरातीला मात्र मिळमिळीत वाटतो. म्हणून थेंब पडताक्षणीचा पहिला जोर घ्यायचा.

घरी येऊन तो तुकडा घरातल्या एकीला ऐकवला. काय आहे ते सांगितलं नाही. तिनं ऐकलं आणि खिडकीकडं पाहिलं. "पाऊस आला काय?"

मी पुन्हा ऐकला. अगदी पाऊसच, पत्र्यावर सर आल्यासारखा. तळणाचा आवाज आणि पावसाचा आवाज नुसत्या कानाला वेगळे करता येत नाहीत. दोन्हीकडं शेकडो बारीक टिचक्या एकावर एक पडतात. डोळ्यांना कढई दिसली तर तळण, आभाळ दिसलं तर पाऊस. रेडिओला डोळे नाहीत. दोन दिवस मी हा दोष कसा घालवायचा याच्याच मागं होतो. सुरुवातीलाच निवेदकानं 'ऐका, बुंदी तळली जातेय' म्हणावं का, असंही लिहून पाहिलं. त्यानं सगळी मजाच गेली. मग लक्षात आलं की तिनं जे विचारलं तीच जाहिरातीची पहिली ओळ आहे. सोलापुरात दिवाळीच्या तोंडावर अवकाळी सर आली की प्रत्येक घरातलं माणूस वाळत घातलेल्या कपड्यांकडं धावतं. ऐकणाऱ्याला तो पाऊस वाटू द्यायचा, आणि झाऱ्याच्या ठोक्यानं त्याची समजूत मोडायची.

भाषेचा प्रश्न राहिला होता. सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू एकाच गल्लीत बोलल्या जातात. घरी विड्या वळत बसलेल्या बायकांचे हात कामात असतात आणि कान मोकळे. त्यांतल्या कित्येकींची घरची बोली तेलुगू. 'लज्जतदार', 'मिष्टान्न', 'अवीट गोडी' हे शब्द त्यांना परके, आणि खरं तर आपणही ते घरात बोलत नाही. म्हणून प्रसंगात सोलापुरी बोली ठेवली, निवेदनात साधी मराठी. मात्र बोली किती ठेवायची यालाही माप आहे. 'पडूलालीय' एकदा आलं की माणूस आपल्या गावचा आवाज ओळखतो. प्रत्येक वाक्यात आलं तर ती नक्कल होते आणि गावच्या माणसालाच टोचते.

निवेदनातला एकेक शब्द मालकांशी बोलून ठरवला. त्यांना 'ताजे आणि शुद्ध लाडू' हवं होतं. अन्नपदार्थांच्या जाहिरातींसाठी एफएसएसएआयचे २०१८ चे नियम आहेत. त्यांत 'ताजं' हा शब्द धुणं, सोलणं, कापणं, थंड ठेवणं यापलीकडं प्रक्रिया न झालेल्या वस्तूंसाठी राखलाय. तळून पाकात मुरवलेल्या लाडवाला तो लागत नाही. 'शुद्ध' हा शब्दही एकाच घटकाच्या, काही न मिसळलेल्या पदार्थासाठी आहे. लाडवात बेसन, साखर, तूप, वेलदोडा. तो 'शुद्ध' म्हणवून घेऊ शकत नाही, पण तूप घेऊ शकतं. म्हणून 'शुद्ध साजूक तुपातला लाडू' लिहिलं. विशेषण तुपाचं, लाडवाचं नाही. ते लिहिण्याआधी मी तुपाचे डबे पाहायला मागितले. मालकांनी कोठीचं दार उघडून दिलं आणि कोपऱ्यात वनस्पतीचा एकही डबा नव्हता, हे मला इथं आनंदानं नोंदवायचंय.

'ताजे'च्या जागी काय? कारखान्यात सकाळी बुंदी पडते, पाकात मुरते, दुपारी बायका ओळीनं बसून लाडू वळतात. तेच लिहिलं. वेळ सांगितली की ताजेपणा आपोआप समजतो, शब्दाची गरज उरत नाही. त्यात मालक खोटेही पडत नाहीत, कारण १ ऑक्टोबर २०२० पासून सुट्या मिठाईच्या ट्रेवर ती कधीपर्यंत खावी याची तारीख लावावी लागते, आणि गिऱ्हाईक ती वाचतं.

मालकांची आणखी एक इच्छा होती, सुरुवातीला फटाक्यांची लड. आकाशवाणीच्या जाहिरात संहितेत गोळीबार, स्फोट, किंकाळ्या अशा दचकवणाऱ्या आवाजांपासून दूर राहायला सांगितलंय. लडीचा आवाज लहान स्पीकरवर नेमका गोळीबारासारखा येतो, आणि रेडिओ चालत्या रिक्षात, स्कूटरवाल्याच्या कानात वाजत असतो. ओळखीच्या सिनेगीताच्या चालीवर जिंगल करू, असंही कुणीतरी सुचवलं. चाल संगीतकाराची आणि हक्क कंपनीचे, परवानगीशिवाय शब्द बदलूनसुद्धा ती वापरता येत नाही. दोन्ही सोडून दिलं.

शेवटी ठरलेली संहिता अशी. दुकानाचं नाव इथं छापत नाही, त्याच्या जागी 'अमुक' लिहितो.

०.० ते ३.० : बुंदी तुपात पडल्याची तडतड. दुसरा कुठलाही आवाज नाही.

३.० ते ५.० : भाचा (विशीतला, आत येत) : मावशी, पाऊस आला का गं?

५.० ते ६.० : कढईच्या काठावर झाऱ्याचे तीन ठोके.

६.० ते ८.५ : मावशी (हसत) : पाऊस न्हाई रे, बुंदी पडूलालीय तुपात!

८.५ ते १०.० : भाचा : आणि लाडू कधी?

१०.० ते १२.० : मावशी : पाक मुरू दे की! चल, डबा घे.

१२.० ते २०.० : निवेदिका : शुद्ध साजूक तुपातला बुंदीचा लाडू. सकाळी पाडलेली बुंदी, दुपारी वळलेला लाडू. वसुबारस ते भाऊबीज, रोज.

२०.० ते २८.० : जिंगल : बुंदीचा पाऊस, लाडवांची भेट, अमुककडं चला, नवी पेठ!

२८.० ते २९.५ : निवेदिका : अमुक मिठाई, नवी पेठ.

२९.५ ते ३०.० : शांतता.

निवेदिकेच्या ओळी आठ सेकंदांत बसतात हे मोजून ठरवलंय. मी शब्द मोजत नाही, कारण 'वसुबारस' आणि 'ते' दोन्ही एकेकच शब्द. मी तोंडातून निघणारे उच्चार मोजतो. 'पेठ' कागदावर दोन अक्षरं असली तरी बोलताना एकच झटका असतो. या हिशेबानं निवेदनात सदतीस उच्चार आहेत. आवाजात घाई न येता सेकंदाला साडेपाच उच्चार होतात, म्हणजे पावणेसात सेकंद, आणि उरलेला सव्वा सेकंद तीन वाक्यांमधल्या विसाव्याला. आधी मी 'वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत' लिहिलं होतं. कागदावर ते सुंदर दिसायचं, पण उच्चार जास्त होते, आणि निवेदिका तिथं पोहोचेपर्यंत तिचा श्वास संपत होता. 'रोज' या शब्दाला लागणारा ठामपणा मग आवाजात राहत नसे.

जिंगलचे आठ सेकंद केरव्याच्या चार आवर्तनांचे. आवर्तन दोन सेकंदांचं, मात्रा पाव सेकंदाची. मेट्रोनोमवर दोन मात्रांना एक ठोका धरला तर लय १२०. पहिल्या आवर्तनात बुंदीचा पाऊस, दुसऱ्यात लाडवांची भेट. तिसऱ्यात 'अमुककडं चला' पहिल्या सहा मात्रांत संपतं, आणि 'नवी' सातव्या-आठव्या मात्रेवर असं येतं की 'पेठ' बरोबर चौथ्या आवर्तनाच्या समेवर पडावं. सगळी चाल त्या समेकडं उतरत येते. 'भेट'ला 'पेठ' जोडलंय ते यमक पुरं नाही, ट आणि ठ. गाणाऱ्या मुलीनं ते लगेच पकडलं. पण कानाला 'भेट' ऐकून पुढं काय येणार याची चाहूल लागते, आणि जिभेला शेवटचा महाप्राण सापडतो. मला ते तसंच हवं होतं.

ठेका ढोलकीचा धरला. पण मोबाईलच्या किंवा रिक्षाच्या छोट्या स्पीकरवर ढोलकीच्या धुमाचा खालचा गोळीबंद नाद जवळजवळ पोहोचतच नाही, नुसती चाट ऐकू येते. तेव्हा लय चाटेवर आणि मंजिरीवर पेलली, धुमावर नाही.

चूक झाली ती इथंच. ढोलकीवाले अनुभवी होते. मेट्रोनोम कानात घालायला त्यांना आवडत नव्हतं आणि मीही आग्रह केला नाही. त्यांनी ठेका धरला, मुलगी छान गायली, सगळ्यांना आवडलं. घरी मोजलं तर लय १२० नव्हे, ११० होती. दोन सेकंदांचं आवर्तन २.१८ सेकंदांचं झालं होतं आणि चार आवर्तनं ८.७३ सेकंदांची. फरक पाऊण सेकंदाचाही नाही. पण त्यामुळं निवेदिकेची शेवटची ओळ २८.७३ ला सुरू झाली आणि तिसावा सेकंद उलटून ३०.२३ ला संपत होती. राखून ठेवलेला अर्धा सेकंद कुणी खाल्ला ते मला तेव्हा दिसायला हवं होतं. मी फाईल तशीच पाठवली. पहिल्यांदा वाजली तेव्हा तिसावा सेकंद भरताच पुढचं गाणं सुरू झालं, आणि दुकानाचा पत्ता ऐकू आला तो असा : "अमुक मिठाई, नवी पे".

मालकांचा फोन आला. ते रागावले नव्हते, पण आवाजात दुखावल्याचं कळत होतं. "साहेब, एवढं सगळं काढलं आपण. पेठ तरी पुरी यायला पाहिजे होती."

संगणकावर लय ओढून ती १२० करता येते, असं स्टुडिओतल्या मुलानं सुचवलं. एक-दोन टक्के ओढलं तर कानाला कळत नाही. इथं नऊ टक्के ओढायचं होतं. करून पाहिलं. ढोलकीच्या थापेची धार बोथट झाली, थापेमागं पाण्यात हात मारल्यासारखा डबक आवाज यायला लागला, आणि मुलीच्या गळ्यातली हरकत घाईची वाटू लागली. पुन्हा रेकॉर्ड करणं हाच उपाय होता. या वेळी ढोलकीवाल्यांनी न बोलता हेडफोन घातला. दुसऱ्या टेकला जिंगल आठ सेकंदांवर आली.

निवेदिकेची शेवटची ओळही पुन्हा घेतली, कारण ती नीट ऐकताना आणखी एक गोष्ट सापडली होती. 'पेठ'मधला 'प' माइकवर फुटत होता, ओठांतून सुटलेली हवा सरळ पडद्यावर आदळत होती. आणि 'ठ' जवळजवळ ऐकूच येत नव्हता, 'नवी पेट' वाटत होतं. बोलण्यात शब्दाच्या शेवटी आपण महाप्राण सोडतोच, समोरचा संदर्भानं समजून घेतो. तिला माइकच्या बाजूला किंचित तिरकं उभं केलं म्हणजे 'प'ची हवा सरळ जाणार नाही, आणि 'ठ' म्हणून झाल्यावर तोंड तसंच उघडं ठेवून थांबायला सांगितलं. सात वेळा म्हणून घेतलं, पाचवी वेळ ठेवली.

नवी फाईल आधी मोजली. शेवटचा आवाज २९.४ वर विरत होता. मग मोबाईलवर लावून एका ओळखीच्या यंत्रमागाच्या शेडमध्ये नेली. मागांच्या खटखटीत झाऱ्याचे तीन ठोके हरवतील अशी मला भीती होती, तीन नुसते ठोकेच ते, मागाचाही ठोकाच. पहिला ठोका खरंच हरवला. उरलेले दोन पुरेसे होते, कारण त्यांच्यापाठोपाठ मावशी हसते. तरी परत येऊन ठोक्यांचा आवाज थोडा चढवला आणि त्यांतली लोखंडी किणकिण वर आणली.

धनत्रयोदशीच्या आदल्या संध्याकाळी मालक आणि मी दुकानासमोर उभे होतो. पेठेत पाय ठेवायला जागा नव्हती, कापडाच्या दुकानांतून माणसं पिशव्या डोक्यावर धरून बाहेर पडत होती. एक रिक्षा गर्दीत अडकून आमच्यापुढंच थांबली, तिच्यात रेडिओ चालू होता. तडतड सुरू झाली. मागं बसलेल्या बाईनं हात बाहेर काढून तळवा वर धरला आणि आभाळाकडं पाहिलं. मग ठोके आले, मावशी हसली, तिनं हात आत घेतला. मालक माझ्याकडं पाहत नव्हते. ते मान तिरकी करून, कानामागं हात धरून, शेवटचा 'ठ' येतो का ते ऐकत होते. आला.